ओल्या केसांचा गुंता: मोठ्या दातांचा कंगवा, ब्रश की बोटं?

प्रश्न: माझे केस सरळ, कमरेपर्यंत, सात महिन्यांपूर्वी स्मूदनिंग केलेले. नऊ वर्षांच्या मुलीचे दाट आणि कुरळे, पाठीच्या मध्यापर्यंत. सासूबाई म्हणतात ओल्या केसांना कंगवा लावायचाच नाही. इंटरनेटवर म्हणतात कुरळे केस ओलेच विंचरा. मग न्हाल्यावर मोठ्या दातांचा कंगवा, ब्रश की नुसती बोटं? मुलगी रडून घर डोक्यावर घेते, आणि मानेवर सुपारीएवढा गुंता तर दर आठवड्याला ठरलेला.

उत्तर: सासूबाईंचा नियम तुमच्या डोक्याला लागू आहे, मुलीच्या नाही. तुम्ही न्हाल्यावर थांबायचं आणि केस दमट-कोरडे झाले की मोठ्या दातांचा कंगवा घ्यायचा. मुलीचा गुंता मात्र बाथरूममध्येच काढायचा, कंडिशनर केसांत असताना, आधी बोटांनी आणि मग कंगव्याने. ब्रश दोघींनाही शेवटी, आणि तोही लागलाच तर.

एकाच घरात दोन उलटे नियम कसे, ते केसाच्या आत पाहिलं की कळतं. केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा दोर, आणि त्यावर माशाच्या खवल्यांसारखं एकावर एक चढलेलं पातळ आवरण. खवल्यांची मोकळी कड टोकाच्या दिशेला असते. एक लांब केस चिमटीत धरून बोट मुळाकडून टोकाकडे फिरवा, गुळगुळीत लागेल. उलटं फिरवा, किंचित खरखरेल. आतल्या दोराला धरून ठेवणाऱ्या बंधांपैकी दोन तऱ्हेचे इथे महत्त्वाचे. गंधकाचे बंध मजबूत, पाण्याने ते सुटत नाहीत. हायड्रोजनचे बंध कच्चे. पाणी लागलं की सुटतात, वाळलं की परत जुळतात. ओली वेणी घालून झोपलं की सकाळी केसांना लाटा येतात, त्या याच बंधांमुळे.

हे बंध सुटले की केस फुगतो. लांबी जवळजवळ तेवढीच राहते, जाडी मात्र साधारण सातव्या हिश्शाने वाढते, खवले थोडे उचलले जातात आणि केसावर केस घासू लागतो. शिवाय ओला केस जास्त ताणला जातो आणि कमी जोरात तुटतो. निरोगी ओला केस जवळपास ३० टक्के ताणून सोडला तर पूर्ववत होतो. त्यापुढे ताणला की आतली घडीच बिघडते. तो तुटला नाही तरी तिथे बारीक, कमजोर राहतो आणि पुढच्या एखाद्या दिवशी तिथेच तुटतो. म्हणून आज ओढाताण करूनही कंगव्यात फारसे केस आले नाहीत, याचा अर्थ नुकसान झालं नाही असा धरू नये.

आता कुरळ्या केसांकडे या. सरळ केस कोरडे असताना एकमेकांना समांतर पडलेलेच असतात. पाण्याने त्यांचा फायदा काहीच होत नाही. उलट ते एकमेकांना चिकटून झुबके होतात आणि कमजोर झालेले असतात. कुरळ्या केसाचं प्रत्येक वळण कोरडेपणी शेजारच्या वळणात आकडीसारखं अडकलेलं असतं. त्यात कंगवा घातला की त्याला दोन कामं एकदम करावी लागतात, प्रत्येक वळण ताणून सरळ करायचं आणि गुंताही सोडवायचा, आणि दोन्हींचा जोर त्याच केसावर पडतो. पाण्याने कच्चे बंध सुटले, पाण्याच्या वजनाने वळण लांबलं, वर कंडिशनर आलं की शेजारचे केस समांतर होतात आणि तोच कंगवा कितीतरी कमी जोरात उतरतो. ओला केस कमजोर असतो हे कुरळ्यांनाही लागू आहेच. पण तिथे लागणारा जोर इतका घटतो की हिशेब फायद्यात जातो. वळण जितकं घट्ट, तितका हा फायदा मोठा.

यातल्या कंडिशनरच्या कामाबद्दल थोडं. घासलेल्या, रंगवलेल्या, उन्हाने भाजलेल्या केसावर ऋण विद्युतभार जास्त असतो. कंडिशनरमधली सेट्रिमोनियम किंवा बेहेनट्रायमोनियम क्लोराइडसारखी द्रव्यं धन भाराची असतात, ती नेमकी त्या खराब जागी जाऊन चिकटतात आणि केस घसरता करतात. शाम्पूनंतर टोकं बोटांत धरून पाहा, किंचित किरकिरतात. कंडिशनरनंतर तीच टोकं शेवाळलेल्या दगडासारखी निसटली पाहिजेत. निसटत नसतील तर गुंता काढायला सुरुवात करू नका. थोडं पाणी शिंपडा, अजून कंडिशनर घ्या. शिकेकाई-रिठ्याने धुतलेल्या केसांना ही निसरडी अवस्था येत नाही, वर शिकेकाईची भुकटी केसांत बारीक वाळूसारखी राहते. केस त्याने स्वच्छ होतात, पण कुरळ्या केसांचा गुंता त्यावर काढणं म्हणजे कोरड्या दोरखंडाची गाठ सोडवणं. शिकेकाई सोडायची नसेल तर नंतर कंडिशनर लावायला काहीच हरकत नाही. बोरिंगच्या जड पाण्याचंही तसंच: त्यातले क्षार केसावर बसून तो राठ होतो, आणि अंगाच्या साबणाच्या वडीने डोकं धुतलं तर साबण आणि क्षार मिळून चिकट साका तयार होतो. अशा घरात कंडिशनर चमचाभर जास्तच लागतं.

आता तिन्ही साधनं. बोटांचा मोठा गुण हा की त्यांना कळतं. कंगव्याला गाठ आणि केस यांतला फरक समजत नाही. बोटाला गाठ लागली की हात आपोआप थांबतो. गाठ कुठे आहे, ती एका केसाची आहे की पन्नास केसांचा गोळा आहे, तेलाने चिकटली आहे की नुसती वळली आहे, हे बोटं सांगतात. त्यांचा दोष असा की दोन बोटांमधली जागा मोठी, त्यामुळे बारीक गाठी सुटून मागे राहतात. सरळ, पातळ केसांत तर बोटं नुसती घसरून खाली येतात आणि सगळं मोकळं झालं असं खोटंच वाटतं. बोटांनी गुंता काढण्याआधी अंगठी आणि काचेच्या बांगड्या उतरवा, तुटकं नख घासून घ्या. अंगठीच्या खड्याखाली अडकून जेवढे केस तुटतात, तेवढे बऱ्याचदा गुंत्यात तुटत नाहीत.

मोठ्या दातांच्या कंगव्याचे दात ताठ. तो गाठीपाशी थांबतो, वाकून पुढे जात नाही, आणि हाच त्याचा उपयोग: कुठे थांबायचं ते तो ठामपणे सांगतो, ऐकायचं आपल्या हातात. विकत घेताना दोन गोष्टी तपासा. मुलीसाठी घेत असाल तर दोन दातांमध्ये साधी पेन्सिल सहज बसली पाहिजे. तुमच्या सरळ केसांना त्याच्या निम्मी फट पुरते. दुसरं म्हणजे दाताच्या कडेवरून नख मुळापासून टोकापर्यंत ओढा. साच्यातून काढलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या कंगव्याला तिथे दोन अर्धे जुळल्याची बारीक शिवण असते, नखाला ती धारेसारखी लागते. ओल्या, फुगलेल्या केसावर ही शिवण तासणीचं काम करते आणि मग सहा महिन्यांनी आपण टोकांना फाटे का फुटले म्हणून तेल बदलत बसतो. कडुनिंबाचा किंवा शिसवीचा लाकडी कंगवा कोरड्या केसांना छान, पण रोज बाथरूममध्ये भिजला तर फुगून त्याचे तंतू उठतात आणि केस त्यात अडकतात.

ब्रशचं गणित वेगळं. त्याच्या एकेका फटकाऱ्यात दहा-बारा ओळींच्या काड्या एकाच वेळी केसांत शिरतात, म्हणजे दहा ठिकाणचे गुंते एकदम ओढले जातात. हातात येणारा जोर त्या सगळ्यांची बेरीज असते, त्यामुळे नेमका कोणता केस तुटायच्या बेतात आहे ते कळतच नाही. बाजारात हल्ली लवचिक प्लॅस्टिकच्या काड्यांचे, गुंता काढण्यासाठी म्हणून विकले जाणारे ब्रश मिळतात. ते खरंच सौम्य आहेत, कारण केस तुटण्याआधी काडी वाकते. पण काडी वाकते म्हणजे ती गाठीवरून उडी मारून पुढेही जाते. वरचे केस गुळगुळीत दिसतात, गाठ आत तशीच राहते आणि पुढच्या न्हाण्यात दुप्पट होऊन भेटते. मानेवरचा ठरलेला गोळा पुष्कळदा असाच वाढतो. गादीवर तारेच्या काड्या आणि त्यांच्या टोकाला मणी असलेला जुना ब्रश ओल्या केसांना लावूच नका. चार मणी गळले की उघडी तार टाळूला आणि केसाला ओरबाडते. वाटोळा ब्रश ड्रायरबरोबर वापरायचा, तो गुंता काढायला घेतला तर स्वतःच गुंत्यात अडकतो. आणि डुकराच्या केसांचा मऊ ब्रश वरवरचं तेल खालपर्यंत पसरवण्यासाठी असतो, गाठीपर्यंत तो पोचतही नाही.

आता मुलीचं रविवारचं न्हाणं. इथे जरा सावकाश जाते, कारण रडणं थांबतं ते क्रमामुळे, आणि बहुतेक घरांत क्रमच उलटा असतो.

शनिवारी रात्री दोन-तीन चमचे खोबरेल केसांच्या लांबीला लावा, टाळूवर चोळत बसू नका. खोबरेल केसाच्या आत शिरतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पाणी कमी शिरतं आणि केस कमी फुगतो. दोन सैल वेण्या घाला. रविवारी कोरडं असतानाच मानेवरचा गोळा आधी सोडवायचा, डोक्यावर पाणी घेण्यापूर्वी. ही पायरी चुकली की सगळं फसतं, कारण शाम्पू चोळताना तो गोळा आवळतो, नंतर कितीही कंडिशनर ओता. गोळ्यावर चमचाभर तेल मुरवा आणि तो दोन्ही हातांच्या चिमटीत धरून बाजूंना अलगद फाका, लोकर पिंजल्यासारखा. खाली ओढायचं नाही. कडेचे दोन-चार केस सुटले की ते बाजूला करा, मग पुढचे. आत शिरायला कंगव्याचा अगदी शेवटचा एकच दात वापरा, गोळ्याच्या खालच्या टोकापासून. सुपारीएवढ्या गोळ्याला पाच ते दहा मिनिटं लागतात.

मग डोकं मागे करून पाणी घ्या, केस पाठीवर सरळ पडू द्या. केस डोक्यावर गोळा करून फेस काढायची सवय असेल तर ती सोडा. शाम्पू फक्त टाळूला, बोटांच्या टोकांनी पुढे-मागे. गोल गोल चोळलं की वळणं एकमेकांत गुंफली जातात. खाली वाहणारा फेस टोकांना पुरतो. धुऊन झाल्यावर केस मुठीत दाबून जास्तीचं पाणी काढा. पाणी निथळत राहिलं तर कंडिशनर वाहून जातं, फार पिळलं तर ते पसरत नाही.

तिच्या केसांना ३० ते ४० मिली कंडिशनर लागेल, म्हणजे सहा ते आठ लहान चमचे. जास्त वाटेल, पण गुंता काढायला याहून कमी पुरत नाही, आणि त्यातलं बरंचसं धुऊनच जातं, म्हणून महागाचं घेण्यात अर्थ नाही. टाळूपासून चार बोटं सोडून लावा. कपाळापासून मानेपर्यंत एक भांग आणि कानापासून कानापर्यंत दुसरा, असे चार भाग करा. तीन भाग सैल पीळ देऊन चापाने वर अडकवा आणि मागच्या खालच्या भागापासून सुरू करा. दोन मिनिटं थांबा.

त्या भागाची बट हातात घ्या आणि टोकापासून चार बोटं वर धरा. धरलेल्या जागेच्या खालीच बोटं फिरवायची. ही पकड महत्त्वाची; ओढ मुठीपर्यंत येऊन थांबते, टाळूपर्यंत जात नाही, आणि मुलीला दुखतं ते टाळूला. खालची चार बोटं मोकळी झाली की पकड चार बोटं वर न्या. अशी मानेपर्यंत पोचा. मग हाच रस्ता कंगव्याने, पुन्हा टोकापासून. वरून सुरुवात का नाही, ते एकदा डोळ्यांनी पाहून घ्या: कंगवा मुळाशी घालून खाली आणला की वाटेतली प्रत्येक सैल आढी तो पुढे ढकलत नेतो, आणि टोकाशी वीस सैल आढ्यांचा मिळून एक घट्ट गोळा होतो. केस तुटायची खरी जागा तीच. एक केस दुसऱ्यावरून चिमट्यासारखा दुमडलेला असतो, कंगव्याचा झटका त्या दुमडीवर बसतो आणि तो तिथे मोडतो. ‘कट्‌कट्’ असा बारीक आवाज आला तर तो गुंता सुटल्याचा नसतो, केस तुटल्याचा असतो. थांबा, पकड खाली आणा, कंडिशनर घ्या.

कंगवा मुळापासून टोकापर्यंत दोनदा विनासायास उतरला की तो भाग झाला. त्याला पुन्हा सैल पीळ द्या आणि बाजूला अडकवा, नाहीतर शेजारच्या भागात तो परत मिसळतो. एका भागाला तीन-चार मिनिटं, चारही भागांना बारा ते सोळा. लवचिक काड्यांचा ब्रश वापरायचाच असेल तर त्याची वेळ आता, चारही भाग मोकळे झाल्यावर, कंडिशनर सगळीकडे सारखं पसरवायला. रडारड होते ती बहुतेक वेळा ब्रश पहिल्यांदा घेतल्याने.

कंडिशनर धुताना पाणी वरून खाली, हात न चोळता. नंतर टॉवेलने घासू नका, आणि पंच्याला पीळ देऊन केसांवर फटके मारत झटकायची पद्धत कुरळ्या केसांना तर अजिबात नको. जुना सुती टी-शर्ट घ्या, केस त्यात घेऊन मुठीने दाबा. यानंतर कंगवा लावायचा नाही. वाळताना वळणं आपली आपण जुळतात. त्यात कोरडा कंगवा फिरवला की सगळे केस फुलून पिंजारतात आणि संध्याकाळपर्यंत नव्या गाठी तयार.

आठवड्याच्या मधल्या दिवसांत शाळेसाठी वेणी घालावी लागणारच. कोरडे केस विंचरण्याऐवजी फवाऱ्याच्या बाटलीत २०० मिली पाणी आणि एक लहान चमचा कंडिशनर हलवून घ्या, केस दमट करा, बोटांनीच मोकळे करून वेणी घाला. हे मिश्रण दोन-तीन दिवसांनी टाकून नवं करा. मानेवरचा गोळा तिथेच का होतो, तर तिथले केस आखूड, गणवेशाची कॉलर, दप्तराचे पट्टे, घाम आणि उशी यांची घासण सगळी त्याच जागी. वेणी घालताना मानेवरचे ते आखूड केसही आत घ्या, आणि रात्री साटीनची खोळ घातली तर फरक आठ दिवसांत दिसेल.

तुमच्या केसांचं काम सोपं आहे, पण एका जागी फार जपायला हवं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. सात महिन्यांत टाळूपासून सात ते नऊ सेंटिमीटर अंतरावर तुमच्या डोक्यावर एक न दिसणारी रेघ तयार झाली आहे: वर नवा, तुमचा मूळचा केस आणि खाली स्मूदनिंग झालेला. स्मूदनिंगमध्ये ते मजबूत गंधकाचे बंधच क्रीमने तोडून नव्याने जुळवतात, आणि सगळे काही परत जुळत नाहीत. त्यामुळे खालचा केस ओला झाल्यावर नेहमीपेक्षा जास्त ताणला जातो आणि सांध्यापाशी दोन वेगळ्या ताकदीचे तुकडे एकमेकांना ओढत असतात. कानाच्या वरच्या पातळीवर आखूड, उभे राहिलेले केस दिसत असतील तर ते ‘नवे उगवलेले’ समजून खूश होण्याआधी टोक पाहा. नव्या केसाचं टोक निमुळतं असतं, तुटलेल्याचं बोथट.

न्हाण्याआधी कोरडे केस पूर्ण विंचरून घ्या. सरळ केसांच्या गुंत्याचा अर्धा प्रश्न इथेच संपतो. कंडिशनर तीन लहान चमचे, खांद्याखालच्या लांबीला. ते केसांत असताना बोटं एकदा वरून खाली नुसती घसरवा, झुबके सुटे होण्यापुरती. धुतल्यावर टॉवेलमध्ये दाबून मोकळे सोडा. पाणी ठिबकायचं थांबलेलं असावं, केस हाताला गार लागावेत पण हात ओला होऊ नये, ही कंगव्याची वेळ. तेव्हा तळव्यावर चार-पाच थेंब खोबरेल चोळून टोकांना लावा आणि टोकापासून वर या. त्या अदृश्य रेघेच्या खाली मूठ धरायची, म्हणजे ओढ सांध्यापर्यंत जाणार नाही. सकाळी घाईत ओलेच विंचरावे लागणार असतील तर निदान अंबाडा घालू नका. ओला केस ताणून बांधला की तो त्या ताणातच वाळतो. ब्रश पूर्ण वाळल्यावर. आणि झोपताना शंभर वेळा ब्रश फिरवायचा जुना सल्ला विसरा, त्याने फक्त खवले घासतात.

सासूबाईंचे केस पातळ झाले असतील आणि त्या मेंदी लावत असतील तर त्यांनाही तुमचीच पद्धत. मेंदी धुतल्याच्या दिवशी मात्र भुकटी केसांत अडकलेली असते आणि केस राठ वाटतात. त्या दिवशी कंगव्याऐवजी बोटांवर भागवावं. नागमोडी केसांचं दोन्हींच्या मधलं आहे: कंडिशनरमध्ये असताना मोठ्या दातांचा कंगवा एकदा, नंतर फक्त बोटं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच ‘सरळ पण फुगणाऱ्या’ केसांची गत हीच असते. रोज कोरडा ब्रश मारून त्यांच्या लाटा पिंजून टाकलेल्या असतात. स्प्रिंगसारख्या अगदी घट्ट वळणाचे केस असतील तर मुलीचीच पद्धत, फक्त चारऐवजी आठ-दहा भाग, आणि बोटांचा वेळ कंगव्यापेक्षा जास्त. अशा केसाचं प्रत्येक वळण म्हणजे एक कच्ची जागा, त्यामुळे गुंता काढणं आठवड्यातून एकदाच, न्हाण्याच्या दिवशी. बारीक दातांची फणी या कुठल्याच कामाची नाही. तिचं काम उवा-लिखांचं, आणि तेही मोठ्या कंगव्याने सगळा गुंता काढून झाल्यावर, कंडिशनर केसांत असताना.

काम झाल्यावर कंगव्यातले केस फेकण्याआधी पांढऱ्या कागदावर पसरून बघा. माणसाचे रोज ५० ते १०० केस नैसर्गिकपणे गळतात. सरळ केसांतून ते रोजच्या रोज खाली पडतात. कुरळ्या केसांत ते वळणांत अडकून राहतात, म्हणजे आठवड्याने न्हाणाऱ्या मुलीच्या हातात ३५० ते ७०० केस एकदम आले तरी ती आठवड्याची थकबाकी असते. गळलेला केस ओळखायला सोपा: पूर्ण लांबीचा, आणि एका टोकाला टाचणीच्या डोक्याहून लहान पांढरा ठिपका. ठिपका नसलेले लांब तुकडे दिसले तर गाठीतून जोराने ओढलं गेलं आहे, पकड आणि क्रम सुधारा. एक-दोन सेंटिमीटरचे बारीक तुकडेच जास्त असतील तर टोकं झिजली आहेत आणि कंगव्याच्या शेवटच्या फटकाऱ्यात ती दाताभोवती वळून तुटतात. तिथे पद्धत बदलून भागत नाही, दोन बोटं केस कापावे लागतात. तुमच्या बाबतीत आणखी एक बघा. ओला केस ताणल्यावर रबरासारखा लांबत गेला आणि सोडल्यावर आखडलाच नाही, तर त्या केसांवर आता कोणतंही रसायन नको, निदान वर्षभर.

गोळा सुटतच नसेल तर? अर्धा तास तेल आणि बोटं वापरूनही तो बाजूंना फाकत नसेल, दाबल्यावर आत नमद्यासारखा घट्ट लागत असेल, तर मुलीला अजून रडवण्यात अर्थ नाही. पण कात्री आडवी चालवू नका, त्याने वरचे चांगले केसही जातात. कात्रीचं टोक टाळूपासून लांब, खालच्या दिशेने ठेवून गोळ्याला केसांच्या रेषेत उभे दोन-तीन चिरे द्या. गोळ्याचे तुकडे होतात, आडवे गुंफलेले थोडे केस तुटतात आणि उरलेला भाग तेल लावून बोटांनी बराचसा सुटतो. असा गोळा महिनोन्‌महिने तसाच राहिला, तेल-धूळ-घाम त्यात मुरत गेला की त्याची जट होते. ती देवीने दिली म्हणून बायकांनी वर्षानुवर्षं डोक्यावर वागवली, मान आखडली, खाली कोंडा आणि जखमा झाल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रात अशा अनेक जटा समजूत घालून कापल्या आहेत. जट झाल्यावर कंगवा, ब्रश, बोटं यातलं काही चालत नाही. ती कात्रीनेच जाते, आणि खालच्या टाळूवर ओल किंवा जखम दिसली तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायची.